जुन्या तारेवरचा नवा संवाद : हार्ट प्रोटोकॉलचा इतिहास

प्रस्तावना

कारखान्यातील दाब, तापमान किंवा पातळी मोजणारा ट्रान्समीटर आपले मोजमाप 4 ते 20 मिलिॲम्पिअर विद्युतप्रवाहाच्या रूपात नियंत्रण कक्षाकडे पाठवतो. अमेरिकेतील आयएसए या संस्थेने 1966 साली या संकेताचे मानक प्रसिद्ध केले. मोजमाप शून्य असतानाही तारेतून 4 मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे प्रवाह शून्यावर आला की तार तुटली हे लगेच कळते. शिवाय त्याच दोन तारांवर ट्रान्समीटरला वीजही मिळते.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट होती. तारेवरून एकच संख्या जात असे आणि तीही एकाच दिशेने. ट्रान्समीटरची मापनकक्षा बदलायची असेल, तर तंत्रज्ञाला प्रत्यक्ष उपकरणापाशी जाऊन झाकण उघडावे लागे आणि झिरो व स्पॅनचे स्क्रू फिरवावे लागत. उपकरणात आत काही बिघडत आहे का, हे त्या एका संख्येवरून कळत नसे. ही मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नांतून हार्ट प्रोटोकॉल जन्माला आला.

प्रवाह न हलवता बोलायचे कसे?

1980 च्या दशकात ट्रान्समीटरमध्ये मायक्रोप्रोसेसर आले. हनीवेल कंपनीचा एसटी 3000 हा 1983 मधील ट्रान्समीटर या पिढीतील आरंभीच्या उपकरणांपैकी होता. आता उपकरणाकडे सांगण्यासारखे बरेच काही होते, पण ते सांगायचे कोणत्या मार्गाने, हा प्रश्न होता. नवी केबल टाकणे खर्चाचे होते. जुन्याच तारेवर डिजिटल संकेत पाठवायचा, तर नियंत्रणासाठी वापरला जाणारा प्रवाह हलता कामा नये. तो हलला, तर त्यावर अवलंबून असलेला व्हॉल्व्हही हलेल.

रोझमाउंट कंपनीच्या अभियंत्यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यात यासाठी दूरध्वनी क्षेत्रातील तयार तंत्र उचलले, ते म्हणजे बेल 202 मोडेमची पद्धत. तिच्यात '1' या बिटसाठी 1200 हर्ट्झची आणि '0' साठी 2200 हर्ट्झची लहर वापरतात. ही लहर मूळ प्रवाहावर साधारण अर्धा मिलिॲम्पिअर वर आणि अर्धा मिलिॲम्पिअर खाली अशी झुलते. लहरीची सरासरी शून्य असल्याने मूळ प्रवाहाची सरासरी बदलत नाही. 12 मिलिॲम्पिअर प्रवाह वाचणारे जुने उपकरण 12 च वाचत राहते आणि त्याच वेळी ट्रान्समीटरशी संवाद चालू असतो.

वेग मात्र सेकंदाला 1200 बिट एवढाच मिळाला, म्हणजे सेकंदाला साधारण दोन प्रश्नोत्तरे. इतका वेग पुरेसा ठरला, कारण नियंत्रणाचे तातडीचे काम जुना प्रवाहच करत होता. कक्षा बदलणे आणि उपकरणाची प्रकृती विचारणे ही कामे संथ संवादावर भागत होती.

खासगी भाषेपासून सर्वांच्या भाषेपर्यंत

त्या काळी प्रत्येक मोठ्या कंपनीची डिजिटल पद्धत वेगळी होती आणि एकीचा हँडहेल्ड कम्युनिकेटर दुसरीच्या ट्रान्समीटरशी बोलू शकत नसे. रोझमाउंटने 1986 साली आपला प्रोटोकॉल इतरांसाठी खुला केला. 1990 मध्ये वापरकर्त्यांचा गट स्थापन झाला आणि 1993 मध्ये प्रोटोकॉलची मालकी हार्ट कम्युनिकेशन फाउंडेशन या स्वतंत्र संस्थेकडे गेली.

आज्ञांची रचनाही या वाटचालीला पूरक होती. पहिल्या गटातील आज्ञा प्रत्येक हार्ट उपकरणाला समजल्याच पाहिजेत. उदाहरणार्थ, आज्ञा क्रमांक 0 उपकरणाची ओळख विचारते, तर क्रमांक 3 प्रवाह आणि मोजमापे वाचते. दुसऱ्या गटातील आज्ञा बहुतेक उपकरणांना लागू पडतात. मापनकक्षा लिहिणारी आज्ञा क्रमांक 35 याच गटातली. तिसऱ्या गटात त्या-त्या उपकरणाच्या खास आज्ञा येतात. त्यामुळे समान भाषा जपूनही प्रत्येक उत्पादकाला आपले वैशिष्ट्य राखता आले.

सोयीची दुसरी बाजू : एक उदाहरण

दूरवरून कक्षा बदलता येऊ लागल्याने एक नवा धोकाही आला. समजा, एका दाबपात्रावरील ट्रान्समीटरची कक्षा 0 ते 10 बार आहे आणि नियंत्रण कक्षातही तीच नोंदलेली आहे. दाब 8.5 बार झाला की धोक्याची घंटा वाजते. एका तंत्रज्ञाने कम्युनिकेटरवरून ट्रान्समीटरची कक्षा 0 ते 16 बार केली, पण नियंत्रण कक्षातील नोंद तशीच राहिली.

आता प्रत्यक्ष दाब 8 बार असताना ट्रान्समीटर आपल्या कक्षेचा निम्मा भाग, म्हणजे 12 मिलिॲम्पिअर पाठवतो. नियंत्रण कक्ष त्याचा अर्थ 10 चा निम्मा, म्हणजे 5 बार असा लावतो. घंटा 8.5 बारला, म्हणजे 17.6 मिलिॲम्पिअरला वाजणार. ट्रान्समीटर तेवढा प्रवाह पाठवेल तेव्हा पात्रातील खरा दाब 13.6 बार असेल.

प्रवाह पाहून ही चूक पकडता येत नाही, कारण 12 मिलिॲम्पिअर हे अगदी वैध मूल्य आहे. हार्ट संवादात मात्र तिची खूण असते. उपकरणाच्या प्रत्येक उत्तरात दोन स्थितिदर्शक बाइट असतात. त्यांपैकी दुसऱ्या बाइटमधील एक बिट 'संरचना बदलली आहे' असे सांगतो. त्याच बाइटमधील इतर बिट उपकरणातील बिघाड, एका मूल्यावर अडकवून ठेवलेला प्रवाह किंवा मर्यादेबाहेर गेलेले मोजमाप दाखवतात.

पण हे बिट वाचणार कोण? अनेक कारखान्यांत ट्रान्समीटर हार्टचे होते, पण नियंत्रण प्रणालीचे इनपुट कार्ड फक्त प्रवाह मोजत असे. उपकरणातील निदानाची माहिती कम्युनिकेटर जोडेपर्यंत तिथेच पडून राही. हार्ट समजणारी कार्डे आणि मल्टिप्लेक्सर बसवल्यावरच ती सतत वाचता येते. म्हणून कक्षा बदलण्यापूर्वी ते लूप मॅन्युअलवर घेणे, दोन्हीकडची नोंद एकदम बदलणे आणि काम झाल्यावर ट्रान्समीटरमधील लेखन-प्रतिबंधाचा स्विच चालू करणे ही शिस्त आवश्यक ठरते.

संवादच होत नसेल तर

प्रवाह ठीक आहे, पण कम्युनिकेटरला उपकरण सापडत नाही, ही तक्रार नेहमी आढळते. याचे एक सामान्य कारण म्हणजे लूपमधील अपुरा रोध. हार्टची लहर ऐकू येण्यासाठी तिचे व्होल्टेजमध्ये रूपांतर व्हावे लागते आणि त्यासाठी साधारण 250 ओहमचा रोध लागतो. अर्धा मिलिॲम्पिअरची लहर त्यावर 125 मिलिव्होल्ट निर्माण करते. ट्रान्समीटर थेट वीजपुरवठ्याला जोडला, तर पुरवठ्याचा अत्यल्प रोध ही लहर गिळून टाकतो. 4 ते 20 मिलिॲम्पिअरचा प्रवाह मात्र व्यवस्थित वाहत राहतो.

समारोप

1990 च्या दशकात संपूर्ण डिजिटल फील्डबस जुन्या प्रवाह-संकेताची जागा घेईल अशी अपेक्षा होती. फील्डबस अधिक वेगवान होती, पण तिच्यासाठी उपकरणे, कार्डे आणि जोडणीची पद्धत असे सगळेच बदलावे लागे. हार्टसाठी एकेक ट्रान्समीटर बदलत गेले तरी कारखाना चालू राहत होता. 2007 मध्ये सातव्या आवृत्तीत हार्ट बिनतारीही झाला. 2015 मध्ये हार्टची संस्था आणि फील्डबस फाउंडेशन एकत्र येऊन फील्डकॉम ग्रुप तयार झाला. 1966 चा प्रवाह-संकेत न हलवण्याच्या अटीमुळे हार्ट संथ राहिला, आणि त्याच अटीमुळे तो जुन्या कारखान्यांत टिकलाही.