लाइकच्या अंगठ्याचा इतिहास

१/ ९ फेब्रुवारी २००९ रोजी फेसबुकवर एक लहानसे बटण अवतरले. उंचावलेला अंगठा आणि सोबत एक आकडा. माणसाचे मोल ठरवावे म्हणून ते घडवलेले नव्हते. तरीही अवघ्या काही वर्षांत तो आकडा असंख्य तरुणांसाठी स्वतःच्या रूपाची आणि योग्यतेची कसोटी बनला. हे कसे घडले, त्याचा हा थ्रेड.

२/ रूपाला गुण देण्याची हौस इंटरनेटवर आधीच रुजली होती. ऑक्टोबर २००० मध्ये कॅलिफोर्नियातील जेम्स हाँग आणि जिम यंग या दोन तरुणांनी ‘हॉट ऑर नॉट’ हे संकेतस्थळ सुरू केले. लोक तेथे छायाचित्र ठेवत, अनोळखी माणसे त्याला १ ते १० गुण देत आणि त्यांची सरासरी दिसे. हेतू उघड होता. तेथे जाणाऱ्याला आपली परीक्षा होणार हे ठाऊक असे.

३/ लाइकचा उगम मात्र निराळा. २००७ साली फेसबुकमध्ये लिआ पर्लमन, जस्टिन रोझेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी एका किरकोळ अडचणीवर विचार करीत होते. कुणी आनंदाची बातमी दिली की तिच्याखाली ‘अभिनंदन’ अशा एकसारख्या प्रतिसादांची रांग लागे आणि मनापासून लिहिलेले चार शब्द त्या गर्दीत हरवत. कौतुक एका टिचकीत उरकावे, एवढाच उद्देश. बटणाचे पहिले नावही ‘ऑसम’ असे होते.

४/ या सोयीने एक गोष्ट नकळत बदलली. शब्द वाचावे लागतात, त्यांची तुलना सहज होत नाही. आकड्यांची तुलना क्षणात होते. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले. तेथे छायाचित्र हाच मुख्य मजकूर असल्याने आकडा पुन्हा चेहऱ्याखाली येऊन बसला. आता तर त्याला १० ची मर्यादाही उरली नव्हती.

५/ शिवाय हे माप मुळातच सदोष होते. ‘हॉट ऑर नॉट’चा गुण ही सरासरी होती, मते देणारे दहा असोत वा हजार, गुण १० च्या आतच राही. लाइक ही बेरीज आहे. छायाचित्र जितक्या लोकांपुढे जाईल, तितकी ती वाढण्याची शक्यता अधिक. आणि ते कुणाला दाखवायचे, हे कंपनीचे अल्गोरिदम ठरवते. त्यामुळे आकडा घसरला तर चेहरा नावडला की तो लोकांपर्यंत पोहोचलाच नाही, हे पाहणाऱ्याला कळू शकत नाही. तो बहुधा पहिलेच कारण खरे मानतो.

६/ या फसगतीतून खुद्द निर्मातीही सुटली नाही. पर्लमन फेसबुक सोडून व्यंगचित्रे काढू लागल्या आणि फेसबुकवरच प्रसिद्ध करू लागल्या. पुढे अल्गोरिदम बदलले, लाइक घटले. आपली चित्रेच सामान्य आहेत, असे त्यांना वाटू लागले. अखेर लाइक परत मिळावेत म्हणून त्यांनी फेसबुकलाच पैसे देऊन जाहिराती केल्या. हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे.

७/ आकडा मोठा असूनही समाधान मिळतेच असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या एसेना ओनील या तरुण इन्फ्लुएन्सरचे इन्स्टाग्रामवर सहा लाखांहून अधिक फॉलोअर होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिने बहुतेक छायाचित्रे काढून टाकली आणि उरलेल्यांखालचा मजकूर बदलला. पोट सपाट दिसावे म्हणून एकाच पवित्र्यात शंभरावर छायाचित्रे घेतली होती, अमुक पोशाखासाठी पैसे मिळाले होते, असे तपशील तिने तेथे लिहिले. सहज टिपल्यासारखे दिसणारे ते क्षण म्हणजे मजुरीचे काम होते.

८/ २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने आधी कॅनडात आणि मग ऑस्ट्रेलिया, जपान, ब्राझील आदी देशांत लाइकची संख्या लपवून पाहिली. परंतु ती लपली इतरांपासून; ज्याचे छायाचित्र त्याला स्वतःचा आकडा दिसतच राहिला. फॉलोअरची संख्याही उघडीच होती. किशोरांच्या एकंदर मनःस्थितीत त्याने फरक पडल्याचे दिसले नाही, असे कंपनीच्या २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून समोर आले. त्याच वर्षी मे महिन्यात आकडा लपवायचा की नाही, हा निर्णय वापरकर्त्यावर सोपवण्यात आला.

९/ म्हणजे प्रयोगात झाकली गेली ती परीक्षेची जाहीर गुणपत्रिका. परीक्षा चालू राहिली, आणि आपला निकाल रोज उघडून पाहण्याची मुभाही.