फाउंटन पेनचे निकटछायाचित्र

फाउंटन पेनचे निकटछायाचित्र : फाउंटन पेनची निब, शाईची झळाळी आणि बॅरलवर कोरलेला मजकूर हे तिन्ही तपशील एकाच चौकटीत स्पष्ट दिसतील असे जवळून घेतलेले छायाचित्र. हे चित्र अवघड मानले जाते ते जवळून घ्यावे लागते म्हणून नव्हे. निब हा वक्र आरसा आहे, वाळलेली शाई ठरावीक कोनातूनच रंग बदलते आणि कोरलेल्या अक्षरांना स्वतःचा रंग नसतो. प्रकाशाकडे तिन्हींची मागणी वेगवेगळी असते. या नोंदीत चकचकीत काळ्या बॅरलचे, रंग न भरलेल्या देवनागरी अक्षरांचे पेन उदाहरण म्हणून घेतले आहे. निरोप समारंभात किंवा परीक्षेतील यशाबद्दल दिलेल्या पेनांवर अशी अक्षरे कोरून घेण्याची रीत महाराष्ट्रात चांगलीच रुळलेली होती.

कोरीव अक्षरे का हरवतात : बॅरलवर मजकूर उमटवण्याच्या मुख्य पद्धती तीन. तापवलेल्या ठशाने दाबणे, सुईसारख्या पात्याने कोरणे आणि लेझरने पृष्ठभाग जाळणे. लेझरची अक्षरे खरखरीत व फिकट असल्याने बहुतेक उजेडात दिसतात. पहिल्या दोन पद्धतींत मात्र अक्षर म्हणजे त्याच काळ्या पदार्थातील एक चर. काळ्यातली काळी रेघ वाचता येते ती केवळ सावलीमुळे किंवा भोवतालच्या पृष्ठभागाच्या चमकेमुळे.

सावलीचा उपाय पहिल्यांदा सुचतो. दिवा खाली आणून प्रकाश पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकायचा. चर ०.१ मिमी खोल असेल आणि प्रकाश पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर चराच्या काठाची सावली सुमारे ०.१७ मिमी पडते. म्हणजे ०.३ मिमी रुंदीची रेघ निम्म्याहून थोडी जास्त भरते. कोन १५ अंशांवर आणला की रेघ पूर्ण काळी होते. सपाट पाटीवर हे उत्तम जमते. पेन मात्र गोल आहे. १२ मिमी व्यासाच्या बॅरलवर ३ मिमी उंचीचे अक्षर परिघाचे जवळजवळ २९ अंश व्यापते. त्यामुळे दिवा बॅरलच्या आडव्या बाजूने लावला, तर अक्षराच्या एका टोकाला प्रकाश १५ अंशांनी पडतो आणि दुसऱ्या टोकाला ४४ अंशांनी. अक्षराचे एक टोक ठळक दिसते, पण दुसरे पुसट होते.

दिवा बॅरलच्या लांबीच्या दिशेने लावल्यास कोन सर्वत्र सारखा राहतो. पण तेथे देवनागरीची स्वतःची अडचण येते. शिरोरेषा बॅरलच्या लांबीला समांतर धावते. चराच्या दिशेनेच प्रकाश आला की चरात सावली पडत नाही, म्हणून उभे दंड दिसतात आणि शिरोरेषा नाहीशी होते. ‘भेट’ हा शब्द अशा चित्रात सुट्या काड्यांसारखा दिसतो. घासता प्रकाश वापरायचाच असेल तर दिवा बॅरलच्या लांबीशी ३० ते ४० अंश तिरका ठेवावा, म्हणजे दंड आणि शिरोरेषा दोघांनाही सावलीचा वाटा मिळतो. झिजून निस्तेज झालेल्या एबोनाइटच्या बॅरलवर हाच मार्ग योग्य, कारण अशा पृष्ठभागावर चमक उरलेली नसते.

चकचकीत बॅरलसाठी उलट रीत : बॅरलला चकाकी असेल तर अक्षरे उजळण्याऐवजी त्यांच्या भोवतालचा भाग उजळावा. गुळगुळीत पृष्ठभागात मोठ्या पांढऱ्या पडद्याचे प्रतिबिंब पाडले की बॅरल राखाडी-रुपेरी दिसू लागते. चराच्या उतरत्या बाजू मात्र ते प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे पाठवत नाहीत, म्हणून अक्षरे काळी उठून दिसतात. येथे दंड आणि शिरोरेषा असा भेद राहत नाही.

पडदा किती मोठा हवा, हे अक्षराच्या उंचीवरून ठरते. पृष्ठभाग जितके अंश वळतो त्याच्या दुप्पट अंश परावर्तित किरण वळतो. अक्षराने परिघाचे २९ अंश व्यापले असतील, तर पडद्याने पेनवरून पाहता ५८ अंश व्यापले पाहिजेत. ३० सेंमी अंतरावर हे माप सुमारे ३३ सेंमी होते. छोट्या दिव्याने बॅरलवर एक बारीक पांढरी रेघ तेवढी उमटते आणि अक्षरांचा मधला पट्टाच वाचता येतो, त्याचे कारण हेच.

अक्षरे थेट कॅमेऱ्यासमोर ठेवली तर हा पडदा नेमका कॅमेऱ्याच्या जागी यावा लागेल. म्हणून पेन स्वतःच्या अक्षाभोवती सुमारे २५ अंश वर फिरवतात. अक्षरांची उंची त्यामुळे जेमतेम दहाव्या हिश्शाने कमी भासते आणि पडद्याला कॅमेऱ्याच्या वर मोकळी जागा मिळते.

शाईची झळाळी : काही शाया वाळल्यावर रेघेच्या काठाला किंवा जाड थेंबावर वेगळ्याच रंगाची धातूसारखी चमक दाखवतात; गडद निळ्या शाईवर तांबूस झाक हे नेहमीचे उदाहरण. रंगद्रव्य कागदात न मुरता वर साचले आणि त्याचा दाट थर वाळला, की तो थर ज्या रंगाचा प्रकाश सर्वाधिक शोषतो तोच रंग आपल्या पृष्ठभागावरून जोराने परावर्तित करतो. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून चमक लालसर. शाई पिणाऱ्या साध्या झेरॉक्स कागदावर ही झाक सहसा दिसत नाही. तोमोए रिव्हर या पातळ जपानी कागदासारख्या कमी शोषणाऱ्या कागदावर ती खुलते. निबवर श्वासछिद्राभोवती वाळलेल्या शाईतही ती आढळते.

ओली चकाकी आणि ही झळाळी यांत गल्लत होऊ नये. ओल्या थेंबावरील ठिपका दिव्याच्या रंगाचा, म्हणजे पांढरा असतो. झळाळीला दिव्याहून वेगळा, स्वतःचा रंग असतो. ती आरशाच्या नियमानेच दिसते, म्हणजे कागदावर प्रकाश ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने समोरच्या बाजूने पाहावे लागते. पृष्ठभागाची चमक कापणारा पोलरायझर भिंगावर लावला तर झळाळी मंदावते, म्हणून तो येथे काढून ठेवावा. उद्भासन थोडे कमी ठेवावे. लाल रंगाची पातळी कमाल मर्यादेला टेकली की झळाळीचा पोत जाऊन सपाट नारिंगी डाग उरतो.

एका पडद्याची मांडणी : बॅरलला मोठे प्रतिबिंब हवे, शाईला आरशाचा कोन हवा आणि निबला भोवताली मऊ उजेड हवा. तिन्ही गरजा एकाच वाकवलेल्या पडद्याने भागतात. पेन कागदावर डावी-उजवीकडे आडवे ठेवावे, निबची चीर आणि अक्षरे एकाच दिशेला येतील असे पाहावे. ती येत नसतील तर बॅरल पाव-अर्धा फेरा सैल करता येते. मात्र थेट बॅरलमध्ये शाई भरण्याचे पेन असेल तर ते आधी रिकामे करावे, नाहीतर आट्यातून शाई झिरपते. कॅमेरा समोरून ४५ अंश खाली पाहील असा तिपाईवर बसवावा. ट्रेसिंग पेपरची कमान पेनच्या डोक्यावर थोडी कॅमेऱ्याच्या बाजूला सुरू करून पलीकडे ४५ अंशांच्या उंचीपर्यंत उतरवावी आणि दिवा तिच्या मागे लावावा. कमानीचा वरचा भाग अक्षरांना मिळतो, मागचा भाग कागदावरील शाईला.

निब या पडद्याखाली सर्वत्र पांढरी होण्याचा धोका असतो. तिच्या खांद्यांची वळणे दिसावीत म्हणून चौकटीबाहेर निबच्या दोन्ही अंगांना काळ्या कार्डपेपरच्या अरुंद पट्ट्या उभ्या कराव्यात. त्यांचे प्रतिबिंब कडेला गडद रेघ होऊन येते आणि निबचा आकार मोकळा होतो. चीर, श्वासछिद्र आणि टोकावरचा कठीण मिश्रधातूचा मणी हे तीन भाग वेगळे ओळखू येतात का, हे मोठे करून तपासावे. चिरीत अडकलेला धागा डोळ्यांना दिसत नाही, चित्रात मात्र तो दोरखंडासारखा दिसतो.

स्पष्टतेची खोली : ३६ मिमी रुंदीच्या संवेदकावर पेनचा ७२ मिमी भाग, म्हणजे निब, पकड आणि अक्षरे, बसवला तर प्रतिमा वस्तूच्या निम्मी होते. एफ ८ छिद्राला तेव्हा जेमतेम ३ मिमी खोली स्पष्ट येते. पेन कॅमेऱ्याकडे २० अंश वळवले तर ६० मिमी लांबीत २० मिमीची खोली तयार होते; समांतर ठेवले तर पेनच्या जाडीएवढीच उरते. म्हणून निब पुढे झेपावणारे चित्र हवे असेल तरच पेन वळवावे. छिद्र एफ २२ पर्यंत आवळण्याने खोली वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनाने चीर आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. त्यापेक्षा फोकस दीड-दीड मिमी सरकवत सात-आठ चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करणे बरे. या चित्रांदरम्यान ओली शाई वाळते व तिची कड सरकते. म्हणून निबवर ओली शाई दाखवायची असल्यास ती चित्रे प्रथम घ्यावीत.

दोष आणि त्यांची ओळख : निबच्या कडेला धुरकट वलय दिसले तर एकत्रीकरणात दोन चित्रांमधले अंतर जास्त झालेले असू शकते. अक्षरांना पांढरी किनार आली तर संगणकावर धार जास्त लावली आहे. कोरलेली अक्षरे उठावाची भासू लागली तर घासता प्रकाश चित्राच्या खालच्या बाजूने आलेला असतो. प्रकाश वरून येतो असे आपली नजर गृहीत धरते, त्यामुळे खोलगट आणि उंचवटा यांची अदलाबदल होते. अक्षरे पुसट म्हणून चरात खडू भरण्याचा मोह होतो. तो कोरडाच भरावा आणि कोरड्या मऊ ब्रशने काढावा. कारण जुने एबोनाइट पाणी आणि उन्हाने तपकिरी पडते.

शेवटची परीक्षा चित्र ज्या आकारात पाहिले जाणार त्याच आकारात घ्यावी. ‘सप्रेम भेट’ हा ३ मिमी उंचीचा मजकूर ७२ मिमीच्या चौकटीतून १,२०० पिक्सेल रुंदीच्या चित्रात आला तर ५० पिक्सेल उंच राहतो आणि ०.३ मिमीची रेघ पाच पिक्सेलची होते. पूर्ण पेन १५० मिमीच्या चौकटीत घेतले तर तीच रेघ अडीच पिक्सेलांखाली उतरते, आणि ‘प्रे’मधली तिरकी रेघ व वरची मात्रा सगळ्यांत आधी विरघळतात. म्हणून तपासताना पूर्ण शब्द वाचता येतो का एवढेच पाहू नये, कारण ओळखीचा शब्द डोळा अंदाजाने पुरा करतो. पेन ज्याने पाहिलेले नाही त्याला ती तिरकी रेघ आणि मात्रा बोटाने दाखवायला सांगावे. ती त्याला सापडली, तर देणाऱ्याने कोरून घेतलेली अक्षरे चित्रात खरोखर उतरली.