‘आय गोएड होम’ : टीईटीतल्या एका प्रश्नामागची साठ वर्षं

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलाय, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. तेव्हापासून वीस-वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली माणसं पुन्हा अभ्यासाला बसली आहेत. त्यातले बरेच जण इंग्रजीच्या अध्यापनशास्त्रावरच्या प्रश्नांना वैतागलेले दिसतात. एका शिक्षिकेनं मला विचारलं, “मुलाची चूक दिसली की दुरुस्त करायची, हेच आम्ही आयुष्यभर केलं. मग तोच पर्याय चुकीचा कसा?”

प्रश्न साधारण या धाटणीचा असतो : एक मूल ‘आय वेंट’ऐवजी ‘आय गोएड होम’ म्हणतं, शिक्षक काय करेल? पर्याय असे : लगेच थांबवून दुरुस्त करेल, दहा वेळा लिहून घेईल, दुर्लक्ष करेल, किंवा ही शिकण्याच्या प्रक्रियेतली पायरी समजून पुढची आखणी करेल. अपेक्षित उत्तर शेवटचं. क्लासच्या गाईडमध्ये उत्तर असतं, कारण नसतं. ते कारण बघायला थोडं मागे जावं लागेल.

१९४०-५०च्या दशकात अमेरिकेत भाषा शिकणं म्हणजे सवय लावणं, असं मानलं जायचं. चार्ल्स फ्राइज आणि रॉबर्ट लाडो ही त्यातली मोठी नावं. लाडोंचं १९५७चं पुस्तक सांगत होतं की मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवून ताडून बघा. जिथे दोन्ही वेगळ्या, तिथे विद्यार्थी अडखळणार. या विचारात चूक म्हणजे वाईट सवय. ती रुजायच्या आत उपटायची आणि बरोबर वाक्य घोकून घ्यायचं. आपल्याकडची ‘दहा वेळा लिही’ याच विचारात चपखल बसते.

पण वर्गात हा हिशेब पुरा पडेना. अपेक्षित चुका काही वेळा व्हायच्याच नाहीत, आणि कुठल्याच मातृभाषेतून न आलेल्या चुका मात्र व्हायच्या. ‘गोएड’ ही तशीच. मराठीत असं काही नाही. शिवाय ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, ती लहान मुलंही ‘गोएड’ म्हणतात.

१९६७ मध्ये ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्यांच्या चुकांचं महत्त्व सांगणारा छोटासा लेख लिहिला. आजचे हे प्रश्न तिथून निघालेत. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. घाईत, थकून, लक्ष उडाल्यामुळे होते ती निसटती चूक. ती मोठ्यांकडूनही होते आणि लक्षात आणून दिली की आपली आपण सुधारता येते. दुसरी नियमित चूक : मुलाच्या डोक्यात या घडीला जो नियम तयार झालाय, त्यातून ती येते. त्याच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच बोलत असतं, म्हणून त्याला ती सापडतही नाही. इंग्रजीत पहिलीला ‘मिस्टेक’ आणि दुसरीला ‘एरर’ म्हणतात. परीक्षेत हा फरक नेमका विचारला जातो.

‘गोएड’ची गंमत अशी की मूल बऱ्याचदा आधी ‘वेंट’ बरोबर म्हणतं, कारण ते त्याने ऐकून पाठ केलेलं असतं. पुढे त्याला भूतकाळाचा ‘-एड’ सापडतो आणि तो ते सगळीकडे लावत सुटतं. म्हणजे वरवर मागे गेलेलं मूल खरं पुढे आलेलं असतं. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या टप्प्यातल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’, म्हणजे अंतरभाषा, हे नाव रूढ केलं. आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चुकांकडे शिकण्याचा भाग म्हणून बघायला सांगितलं. २०११ पासून टीईटी आली, आणि केंद्रीय परीक्षेच्या अभ्यासक्रमात भाषेतल्या अडचणी, चुका आणि विकार हा मुद्दा आला.

आता वहीवर येऊ. समजा पाचवीतल्या मुलीने लिहिलं : ‘आय गोएड टू मार्केट. आय आस्क्ड टू माय मदर. शी बाय अ डॉल. वी कमड होम.’

लाल पेनाने बघितलं तर चारही ओळी चुकलेल्या. नीट बघितलं तर ‘गोएड’ आणि ‘कमड’ ही एकच चूक, दोनदा. तिला ‘-एड’ समजलाय, अपवाद अजून भेटायचेत. तिला या क्रियापदांनी भरलेली गोष्ट वाचायला द्यावी. ‘आस्क्ड टू’ मराठीतून आलंय : ‘आईला विचारलं’ मधला ‘ला’ तिने ‘टू’ करून ठेवलाय. ‘मार्केट’च्या आधी ‘द’ नाही, कारण मराठीत तसा शब्दच नाही. इथे लाडो बरोबर ठरतात. मातृभाषेचा प्रभाव खोटा नाही, फक्त तेवढंच कारण नसतं.

राहिलं ‘शी बाय’. बाकी तिन्ही क्रियापदांना भूतकाळ लावणारी मुलगी इथेच का विसरली? हे वहीवरून कळत नाही. तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगायचं. वाचताना ‘बॉट’ म्हणाली तर ती निसटती चूक होती. ‘बाइड’ म्हणाली तर तोच ‘-एड’चा नियम. तसंच वाचून पुढे गेली तर अजून काही वाक्यं बघावी लागतील.

परीक्षेची अडचण इथेच आहे. कॉर्डर शिक्षकाला पुरावा गोळा करायला सांगतात : तीच चूक पुन्हा होते का, मूल ती स्वतः सुधारतं का. चार पर्यायांच्या प्रश्नात एकच वाक्य मिळतं. म्हणून टीईटी देणाऱ्यांनी प्रश्नातलेच शब्द पकडावेत. ‘वारंवार’, ‘सातत्याने’ असेल तर नियमित चूक. ‘विचारल्यावर स्वतः दुरुस्त केलं’ असेल तर निसटती. आणि ‘दुर्लक्ष करेल’ हा पर्याय सापळा आहे. चुकीचा आदर करणं म्हणजे ती सोडून देणं, असं कॉर्डर म्हणत नाहीत.

या पद्धतीलाही मर्यादा निघाली. १९७४ मध्ये जॅकलिन शाख्टर यांनी चीनी-जपानी आणि फारसी-अरबी भाषकांचं इंग्रजी लेखन तपासलं. एका विशिष्ट, लांब वाक्यरचनेत पहिल्या गटाच्या चुका कमी निघाल्या. कारण? ती रचना त्यांनी वापरलीच कमी होती. अवघड म्हणून टाळली होती. आपल्या वर्गात ‘धिस इज अ कॅट’च्या पुढे न जाणाऱ्या मुलाची वही स्वच्छ असते, आणि धडपडून चार ओळी लिहिणारी मुलगी लाल होते. त्या स्वच्छ वहीवर टीईटीत प्रश्न विचारणं अवघड आहे.

त्या शिक्षिकेला मी एवढंच सांगितलं की तुमचं दुरुस्त करणं चुकलेलं नाही. प्रश्न विचारतोय की दुरुस्तीआधी तुम्ही काय बघितलं. तुम्ही सध्या टीईटीला बसत असाल, तर तुम्हाला अडलेला असा प्रश्न कमेंटमध्ये टाका. बरोबर पर्याय कुठला यापेक्षा तो का, यावर बोलू.