मण्याच्या भोकात काय दिसतं?

मंडळी, काचेच्या मण्याला कोणी इतिहासाचं साधन म्हटलं, तर आपण हसू. नाणी, ताम्रपट, शिलालेख यांच्या पंगतीत मण्याला पाट कोण देणार? पण एक मणी असा आहे की त्याच्यावर एक अक्षरही कोरलेलं नसताना तो आपलं वय बऱ्यापैकी सांगतो. त्याचं नाव शेव्हरॉन. इटलीत त्याला रोझेटा म्हणतात. मणी आडवा कापला तर आत चांदणी दिसते, साधारणपणे बारा टोकांची.

याचं माहेर व्हेनिसजवळचं मुरानो बेट. काळ पंधराव्या शतकाच्या अखेरचा. तिथल्या अँजेलो बारोव्हिए या प्रसिद्ध काचकारागिराची मुलगी मारिया हिला 1487 साली स्वतःची छोटी भट्टी ठेवायची परवानगी मिळाली होती आणि रोझेटाचं श्रेय परंपरेनं तिलाच देतात. पुढे हे मणी जहाजांतून अमेरिकेत गेले, पश्चिम आफ्रिकेत गेले. तिथे सोनं, हस्तिदंत आणि (लिहितानाही हात अडखळतो) माणसं विकत घेताना मोबदल्यात जो माल दिला जाई, त्यात काचेचे मणीही असत. म्हणून खरा मणी आणि नकली मणी यांतला फरक केवळ किमतीचा नाही. खरा मणी त्या व्यवहाराचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार खोटा निघाला तर साक्षही खोटी ठरते.

आता तो बनतो कसा ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन त्यात पोकळी करतात. तो आतून चुण्या असलेल्या साच्यात दाबला की चांदणीचा आकार येतो. त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर, पुन्हा साचा, पुन्हा थर. शेवटी दुसऱ्या टोकाला सळई चिकटवून दोन माणसं विरुद्ध दिशांना चालू लागतात. पाकाची तार ओढावी तशी काच लांबत जाते आणि मधली पोकळीही तिच्याबरोबर लांबते. तेच मण्याचं भोक! मग त्या लांब कांडीचे तुकडे करतात आणि टोकं घासतात, त्यामुळे आतले थर नागमोडी पट्ट्यांसारखे दिसू लागतात.

यातून पहिली खूण मिळते. ओढलेल्या मण्यात काचेतले बुडबुडे भोकाच्या दिशेनं लांबट झालेले असतात आणि भोकाची आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत असते. भरीव कांडीला मागाहून यंत्रानं भोक पाडलं असेल, तर भिंत दुधी दिसते आणि तिच्यावर गोल गोल ओरखडे असतात. मात्र एवढ्यानं वय कळत नाही. नकलाही ओढून करता येतात.

दुसरी खूण थरांची. सुरुवातीच्या, सोळाव्या शतकाच्या आसपासच्या मण्यांत बहुधा सात थर असतात. भोकाकडून बाहेर मोजत जा: फिकट हिरवट पारदर्शक, पांढरा, पुन्हा हिरवट, पांढरा, विटकरी लाल, पांढरा आणि सर्वांत बाहेर गडद निळा. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला आफ्रिकेसाठी जे ढिगानं मणी गेले, त्यांत सहसा चार ते सहा थर असतात आणि भोकालगतची ती हिरवट काच बहुधा नसते.

तिसरी खूण झिजेची. विहिरीच्या काठाला दोरानं पडलेले चरे आठवा. दोर काही सगळीकडे सारखा घासत नाही, जिथे ओढ असते तिथेच चर पडतो. मण्याचंही तसंच. माळेत ओवलेला मणी वर्षानुवर्षं अंगावर राहिला की भोकाची कड गोल होते, आणि भोक बहुधा एका बाजूला जास्त रुंदावतं. शेजारच्या मण्यांशी घासून टोकांवर सपाट, गुळगुळीत जागा तयार होतात. दोन टोकांची झीज सहसा एकसारखी नसते.

आता एक उदाहरण. माझ्या भाचीनं परदेशातल्या जुन्या बाजारात अकरा मण्यांची एक माळ घेतली. विक्रेता म्हणाला, चारशे वर्षांपूर्वीची आहे. ती इकडे आली तेव्हा आम्ही दोरा कापून मणी ताटात मांडले आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसलो.

आधी थर मोजले. सगळ्यांत सहाच, आणि भोकालगत हिरवट काच एकातही नाही. म्हणजे चारशे वर्षांची गोष्ट तिथेच डळमळली. मग पृष्ठभाग पाहिला. दहा मणी सगळीकडून सारखेच निस्तेज होते, अगदी बारीक खळग्यांच्या तळाशीसुद्धा. वापरानं झिजलेल्या मण्यात उंचवटे आधी घासले जातात, खळग्यांत मूळची चकाकी उरते. खळगासुद्धा निस्तेज, म्हणजे आम्लात बुडवल्याचा संशय. (जमिनीत पुरलेला मणीही निस्तेज होतो, पण तो डागाडागांनी.) त्या दहांची भोकं दोन्ही टोकांना अगदी सारखी गोल केलेली होती. आतली तांबूस माती साबणाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटांत निघून गेली आणि खाली कोरी काच दिसली.

अकरावा मात्र वेगळा निघाला. एक टोक जास्त सपाट, भोक एका अंगाला कललेलं, खळग्यांत चकाकी शाबूत. थर सहाच, तेव्हा चारशे वर्षांचा नव्हेच, पण शंभराच्या पुढचा असावा. थरांनी त्याचा जन्म कुठल्या काळातला ते सांगितलं आणि झिजेनं तो पुढे कसा जगला ते सांगितलं. एक खरा मणी घालून दहा नकली खपवायची ही युक्ती! म्हणून माळ कधी माळ म्हणून तपासू नये, एकेक मणी तपासावा.

या खुणांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गोदामात पडून राहिलेला, कधीच न ओवलेला जुना मणी झिजलेला नसतो, म्हणून झीज नाही एवढ्यावरून त्याला नवा म्हणता येत नाही. पश्चिम आफ्रिकेत जुने मणी दगडावर, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसे, घासून नव्यानं घडवत. अशा मण्याचं टोक ताजं दिसू शकतं. आणि मुरानोत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही शेव्हरॉन बनत होते, तेव्हा चांगली कारागिरी म्हणजे जुना मणी असंही नाही. दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतील तेव्हाच बोलावं.

आणखी एक. शेव्हरॉनच्या नकला चीनमध्ये होतात, तशा आपल्या उत्तर प्रदेशातही होतात. पुरदिलनगर हे गाव काचेच्या मण्यांसाठीच ओळखलं जातं. पण भट्टीपुढे घाम गाळून नवा मणी नवा म्हणून विकणाऱ्या कारागिराला मी नकल्या म्हणणार नाही. त्याच मण्याला कोणीतरी पुढे आम्लात बुडवतो, भोकात माती भरतो आणि चारशे वर्षं चिकटवतो. खोटेपणा सुरू होतो तो तिथे.

असो. तुमच्या घरी कुणाच्या पेटीत असे चांदणीचे मणी असतील, तर आधी भोकालगतचा थर कोणत्या रंगाचा आहे ते बघा आणि जरूर कळवा.