घोड्याचे धान्य आणि माणसाचे जेवण

गेल्या श्रावणात रत्नागिरीच्या बाजारातून तीन वेगवेगळ्या दुकानांतून वरीच्या तांदळाच्या तीन पिशव्या आणल्या. दोन पिशव्यांवर मराठीत 'वरी' होते, तिसरीवर 'भगर'. इंग्रजी नावे मात्र तीन होती: एकीवर 'लिटल मिलेट', दुसरीवर 'बार्नयार्ड मिलेट' आणि तिसरीवर 'सामो सीड्स'. घरी येऊन तिन्ही पिशव्या तीन ताटल्यांत ओतल्या. पहिल्या आणि तिसऱ्या ताटलीतला फरक मला डोळ्यांनी सांगता आला नाही. दुसरीतले दाणे किंचित अधिक पांढरे वाटले, इतकेच.

हा उद्योग करण्याचे कारण वाङ्मयीन होते. कोकणातल्या एका कथेचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या स्नेह्याने विचारले होते, की 'कुळथाची पिठी' आणि 'वरीचा भात' यांना काय लिहावे? कोशात पाहून दहा मिनिटांत उत्तर देता येईल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात कोश, पिशवी आणि वनस्पतिशास्त्राचे पुस्तक एकमेकांना दुजोरा देईनात. या विसंवादाला छपाईची चूक किंवा दुकानदाराचे अज्ञान म्हणून भागत नाही. धान्याचे प्रत्येक इंग्रजी नाव कोणीतरी, कोणत्यातरी गरजेपोटी दिलेले असते आणि ती गरज त्या नावात गोठून राहते. त्या गरजा निरनिराळ्या होत्या, म्हणून नावे जुळत नाहीत.

कुळथापासून आरंभ करू. कोकणात भाताची कापणी झाल्यावर शेतात जी ओल उरते, तिच्यावर हे पीक येते. त्याला वेगळे पाणी लागत नाही. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून त्याचे पीठ करतात आणि आमसूल, लसूण, मिरची घालून त्याची पिठी शिजवतात. भात आणि पिठी हे रत्नागिरी जिल्ह्यातले नित्याचे, बरेचदा नाइलाजाचेही जेवण आहे. या कडधान्याचे इंग्रजी नाव 'हॉर्स ग्रॅम'. म्हणजे जे धान्य इथे माणसे खातात, ते इंग्रजीत घोड्याचे होते.

यातला 'ग्रॅम' हा शब्द मुळात इंग्रजी नाही. पोर्तुगीज भाषेत 'ग्रांव' म्हणजे दाणा. त्याचेच जुने रूप 'ग्राम'. पश्चिम किनाऱ्यावर प्रथम व्यापार मांडणाऱ्या पोर्तुगिजांकडून तो शब्द इंग्रजांनी उचलला आणि 'दाणा' हा व्यापक अर्थ सोडून 'घोड्याला घालायचा दाणा' एवढाच ठेवला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची नोंद आहे आणि तिथेही त्याचा अर्थ घोड्याच्या चाऱ्याभोवतीच फिरतो. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या कारभारात घोडदळाचा दाणा ही मोठी खर्चाची बाब होती. इंग्रज अधिकाऱ्याला कडधान्यांची ओळख झाली ती स्वयंपाकघरात नव्हे, तबेल्यात.

मात्र प्रत्येक प्रांतातला तबेला सारखा नव्हता. उत्तरेत घोड्याला हरभरा घालीत, म्हणून तिथे 'ग्रॅम' म्हणजे हरभरा. मद्रासकडे कुळीथ घालीत, म्हणून तिथे 'ग्रॅम' म्हणजे कुळीथ. एकाच सरकारच्या दोन इलाख्यांतल्या कागदांत एकच शब्द दोन धान्ये सांगू लागला, तेव्हा विशेषणे लावावी लागली: 'बेंगॉल ग्रॅम', 'मद्रास ग्रॅम', 'हॉर्स ग्रॅम'. मग रंगांची पाळी आली. मूग 'ग्रीन ग्रॅम' झाला, तूर 'रेड ग्रॅम' आणि उडीद 'ब्लॅक ग्रॅम'. आजच्या दुकानातला एक नेहमीचा घोटाळा इथूनच निघाला आहे. काळ्या हरभऱ्याच्या पिशवीवर शब्दशः भाषांतर करून कोणी 'ब्लॅक ग्रॅम' छापतो आणि तो वाचून परदेशातली गृहिणी उडीद समजून ती पिशवी घरी नेते. छापणाऱ्याने रंग बरोबर सांगितलेला असतो, 'ग्रॅम'ही हरभऱ्याच्या अर्थाने बरोबरच असतो. पण ही जोडी आधीच दुसऱ्याच्या नावे नोंदलेली असते.

अशा वेळी आपण शास्त्रीय नावाकडे धाव घेतो. तिथे तरी एका वस्तूला एक नाव असेल, ही अपेक्षा. कुळथाच्या बाबतीत ती दोन शतके पुरी झाली नाही. लिनियसने 1753 साली 'डोलिकोस बायफ्लोरस' हे नाव एका वेलीला दिले. ते नाव पुढे हिंदुस्थानातल्या कुळथाला चिकटले. कोश, गॅझेटियर, शेतकी अहवाल सगळ्यांनी तेच वापरले. परंतु लिनियसची ती वेल कुळथाची नव्हतीच; ती चवळीच्या जातीची होती. कुळथाचे वर्णन लामार्कने 1786 साली 'डोलिकोस युनिफ्लोरस' या नावाने केले होते. 1970 साली बर्नार्ड व्हर्डकोर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही वंशावळ निस्तरली आणि कुळीथ 'मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम' झाला.

जुने नाव मात्र मेले नाही. रक्तगट तपासणाऱ्या प्रयोगशाळांत 'ए' गटाचे ए-1 आणि ए-2 हे पोटभेद ओळखण्यासाठी एक द्रव वापरतात. तो ए-1 च्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, ए-2 च्या करीत नाही. हा द्रव कुळथाच्या बियांपासून काढतात आणि त्याच्या बाटलीवर अद्याप 'डोलिकोस बायफ्लोरस' हेच लिहिलेले असते. आज जो कोणी जुन्या पुस्तकात हे नाव वाचेल, त्याने मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवायचे, की हा कुळीथ की चवळी.

वरीची कथा निराळी आहे. इथे परक्यांनी दिलेल्या नावापेक्षा आपल्याच भाषांच्या शेजाराने घोळ घातला आहे. कोकणात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणीबरोबर वरी घेत. ही वरी म्हणजे 'पॅनिकम सुमात्रेन्स'. इंग्रजीत 'लिटल मिलेट'. जुन्या लिखाणात तिला 'पॅनिकम मिलिअरे' म्हटलेले आढळते. याच कुळात 'पॅनिकम मिलिएसियम' नावाचे दुसरे तृणधान्य आहे, इंग्रजीत 'प्रोसो मिलेट'. दोन लॅटिन नावांत दोन-तीन अक्षरांचाच फरक आणि तक्त्यांच्या मराठी रकान्यात दोहोंसमोर 'वरी'! राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले एकादशी' या वरीच्या वाणाचे नाव मात्र फार बोलके आहे. तो वाण लिटल मिलेटचा आहे आणि हे धान्य कोणत्या दिवशी शिजते, हे नावातच सांगून टाकले आहे.

घोटाळ्याचे मूळ या उपवासातच आहे. उपवासाला चालणाऱ्या बारीक दाण्याला कोकणात वरीचे तांदूळ म्हणतात, घाटावर भगर, गुजरातीत सामो किंवा मोरैयो, हिंदीत समा के चावल. स्वयंपाकघराच्या दृष्टीने ही सगळी एकच वस्तू: शिजवली की मऊ होते आणि एकादशीला चालते. शेताच्या दृष्टीने मात्र ती एक नाही. हिंदीतला 'सांवा' हा 'एकिनोक्लोआ' या निराळ्या गवताचा दाणा, म्हणजे बार्नयार्ड मिलेट. मराठीत कित्येक ठिकाणी 'सावा' म्हणतात तो वरीलाच, म्हणजे लिटल मिलेटला. पिशवीचा मजकूर बहुधा मराठीतून थेट इंग्रजीत जात नाही. तो हिंदीच्या वाटेने जातो. 'वरी' म्हणजे 'सावा', 'सावा' म्हणजे 'सांवा' आणि 'सांवा' म्हणजे 'बार्नयार्ड मिलेट', अशा तीन पायऱ्यांत धान्य बदलते, आणि प्रत्येक पायरी वेगळी पाहिली तर चूक दिसत नाही.

दाणा सालासकट असेल तर जाणकाराला ओळख पटते. सडल्यावर प्रोसोचा दाणा इतरांहून मोठा, गोलसर आणि पिवळट दिसतो. लिटल आणि बार्नयार्ड यांचे सडलेले दाणे मात्र इतके जवळचे, की माझ्या ताटल्यांसारखी गत होते. तेव्हा माझी दुसरी पिशवी खोटे बोलत होती, असेही म्हणता येत नाही. कदाचित तिच्यात खरोखरच बार्नयार्ड असेल आणि मराठी 'वरी' हेच तिथे उसने असेल.

कायदाही या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. अन्नपदार्थांच्या लेबलांसंबंधीचे 2020 चे केंद्रीय नियम आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत मागतात. मराठी नाव असले तर उत्तम, नसले तरी चालते. भरड धान्यांसाठी लागू झालेल्या मानकांत पंधरा धान्ये इंग्रजी नावांनी वेगळी केली आहेत आणि ओलावा, कचरा वगैरेंच्या मर्यादा घातल्या आहेत. पण 'वरी' या शब्दासमोर त्यांतले कोणते नाव मांडायचे, हा निर्णय शेवटी पिशवी भरणाऱ्यावरच येतो.

मसाल्यांतले एकच उदाहरण देतो. बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ पिशवीवर 'सिचुआन पेपर' म्हणून विकले जाते. दोन्ही 'झँथोझायलम' कुळातली, दोहोंची वापरायची ती टरफले, बी टाकून द्यायचे, आणि दोन्ही जिभेला मुंग्या आणतात. तरी चिनी मसाला झुडपाचा, तिरफळ काटेरी बुंध्याच्या उंच झाडाचे. गंधही सारखा नाही. इथे भावाचे नाव भावाला दिले आहे. उलट बाजूला, नावाच्या सारखेपणामुळे तिरफळाला 'त्रिफळा' समजणारेही भेटतात. तो हिरडा, बेहडा आणि आवळा यांचा औषधी संयोग असून त्याचा तिरफळाशी काडीचा संबंध नाही.

स्नेह्याला अखेर काय लिहिले? वरीसाठी 'लिटल मिलेट' चालेल, असे कळवले, कारण कथेतली वरी त्याच गावच्या वरकस जमिनीतली आहे. बाजारातून आणलेली असती, तर असे छातीठोक सांगता आले नसते. कुळथासाठी मात्र 'हॉर्स ग्रॅम' टाळायला सांगितले. ते नाव चूक नाही, कोशातही आहे. पण कथेतली बाई पाहुण्यापुढे पिठी वाढताना संकोचते, तो संकोच गरिबीचा आहे. इंग्रजी वाचकाला 'हॉर्स' हा शब्द दिसला, की तिने पाहुण्याला जनावराचे खाणे वाढले असे वाटेल, आणि संकोचाच्या जागी अपमान येईल. म्हणून 'कुळीथ' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथे, भातानंतर उरल्या ओलीवर येणारे तांबूस, चपटे कडधान्य, एवढे वाक्यातच सांगावे, असे सुचवले. वाक्य थोडे लांबते. स्नेह्याची तक्रार तेवढीच होती.