हातचा राखून ठेवणारा गुणाकार

मागच्या भागात आपण गुणाकार यंत्राच्या आत कसा मांडला जातो ते पाहिलं. शाळेत करतो तसंच: १६ बिटांच्या दोन संख्या घेतल्या की एकाखाली एक सरकवलेल्या १६ ओळी मिळतात. खरा वेळ जातो तो या ओळींची बेरीज करण्यात, कारण प्रत्येक बेरजेत हातचा उजवीकडून डावीकडे सरकत जाईपर्यंत थांबावं लागतं.

यावर उपाय म्हणजे कॅरी-सेव्ह अॅडर. तो एकाच स्तंभातले तीन बिट घेतो आणि दोन देतो: एक बेरजेचा, एक हातच्याचा. हातचा शेजाऱ्याकडे लगेच जात नाही. तो डावीकडच्या स्तंभात पुढच्या पातळीसाठी राखून ठेवला जातो. त्यामुळे संख्या कितीही रुंद असो, तीन ओळींच्या दोन ओळी व्हायला एकाच अॅडरचा वेळ लागतो.

पण एका वेळी एकच नवी ओळ मिसळत गेलं, तर १६ च्या २ व्हायला १४ पातळ्या लागतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियाच्या क्रिस वॉलेस यांनी सुचवलं, की सगळ्या ओळींचे तीन-तीनचे गट करून ते एकदमच आटवावेत. आता मोजू या. १६ मध्ये पाच गट, एक ओळ उरते. म्हणजे १० अधिक १, झाल्या ११. पुढे ८, ६, ४, ३ आणि २. फक्त सहा पातळ्या! उरलेल्या दोन ओळींसाठी मात्र हातचा पुढे नेणारा नेहमीचा वेगवान अॅडर लागतोच.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मिलानच्या लुइजी दाद्दा यांनी हाच हिशोब शेवटाकडून मांडला. २ पासून निघायचं, दर वेळी दीडपट करायची आणि अपूर्णांक सोडून द्यायचा: २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४२, ६३. सोळा हा १३ आणि १९ यांच्या मध्ये पडतो, म्हणून पातळ्या सहा. मग पहिल्याच पातळीत ११ पर्यंत उतरायची घाई कशाला? स्तंभाची उंची १३ वर आणली तरी पुढच्या पाच पातळ्या पुरतात. पातळ्या तेवढ्याच राहतात, अॅडर कमी लागतात. बदल्यात शेवटचा अॅडर थोडा रुंद होतो.

इथे एक गोष्ट जपायची. दर पातळीला ओळी दोन-तृतीयांश होतात असं धरून लॉगरिदमने उत्तर काढलं, तर ६४ बिटांना ९ पातळ्या येतात. प्रत्यक्षात लागतात १०. कारण तीनच्या गटात न बसलेल्या ओळी तशाच खाली उतरतात, आटत नाहीत. दाद्दांच्या यादीत बघा: नऊ पातळ्यांची मर्यादा ६३ ओळींची आहे. त्या एका जादा ओळीपायी अख्खी पातळी वाढते. तेव्हा सूत्रावर विसंबू नका, यादी मोजा.