विश्लेषणाचा पूर्वनोंदित आराखडा व त्यातील बदल : गोव्यातील एका चाचणीच्या संदर्भात

मानसोपचारविषयक चाचणीचे विश्लेषण कसे करावयाचे हे आधीच लिहून ठेवण्याची निकड ‘स्टडी 329’ या प्रकरणाने विशेषत्वाने जाणवून दिली. किशोरवयीनांच्या नैराश्यावरील या चाचणीत आराखड्यात ठरलेल्या दोन्ही मुख्य मापांवर पॅरोक्सेटिन हे औषध सरस ठरले नव्हते. तरीही 2001 सालच्या लेखात, आराखड्यात नसलेल्या मापांच्या आधारे, ते परिणामकारक म्हटले गेले. 2015 साली मूळ आराखड्यानुसार फेरविश्लेषण झाले, तेव्हा औषधाची परिणामकारकता आढळली नाही. भारतात चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै 2007 मध्ये सुरू झाली. मात्र नोंदणीमुळे मापाचे नाव बांधले जाते, त्याची गणना बांधली जातेच असे नाही.

हा मुद्दा गोव्यातील एका चाचणीवरून स्पष्ट होतो. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना सामान्य समुपदेशकांकरवी समुपदेशन दिले. अभिजित नाडकर्णी व सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष जानेवारी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. तीन महिन्यांनंतरची मुख्य मापे दोन होती : ‘ऑडिट’ प्रश्नावलीत 8 पेक्षा कमी गुण, आणि मागील 14 दिवसांतील दैनंदिन मद्याची सरासरी.

दुसरे माप वाटते तितके सरळ नाही. समुपदेशन गटातील 42 टक्के व दुसऱ्या गटातील 18 टक्के पुरुषांनी त्या 14 दिवसांत मद्य घेतलेच नव्हते. ज्यांनी घेतले, केवळ त्यांची सरासरी अनुक्रमे 37 व 31 ग्रॅम होती, म्हणजे समुपदेशनाचा गुण दिसत नाही. परंतु न पिणाऱ्यांचे शून्य धरून ढोबळ हिशेब केल्यास ती सुमारे 21 व 25 ग्रॅम होते आणि दिशाच उलटते. कारण उघड आहे. पिणे सोडलेले पुरुष पहिल्या तुलनेतून बाहेर पडतात. उरलेले दोन गट चिठ्ठीने केलेल्या वाटणीइतके समतोल राहत नाहीत.

म्हणून आराखड्यात नुसते ‘सरासरी मद्य’ लिहून भागत नाही. सरासरी कोणाची, शून्यांचे काय करावयाचे, पाठपुराव्यास न आलेल्यांना कसे धरावयाचे, हेही लिहावे लागते. विदा हाती आल्यावर शून्यांची गर्दी पाहून एका मापाचे दोन भाग करणे संख्याशास्त्रदृष्ट्या रास्तच असू शकते. पण आराखड्यात तसे नसेल तर तो बदल ठरतो. अशा वेळी बदल केव्हा झाला, गटांची ओळख उघड होण्यापूर्वी की नंतर, हे सांगून मूळ पद्धतीने आलेला आकडाही शेजारी द्यावा लागतो. आज्ञावलीची आवृत्ती बदलली व आकडे तसेच राहिले, तर एक ओळ पुरते. एखाद्याच्या नोंदीत ग्रॅमऐवजी मिलिलिटर पडले असल्यास दुरुस्ती करावीच. परंतु ती निकाल पाहिल्यावर आणि एकाच गटात झाली असेल, तर तिला किरकोळ म्हणता येत नाही.